गवळणीतला टोल ब्रिस्टलमध्ये कसा वसूल केला

सातारा भागातला एक लोकनाट्य संच. यात्रांच्या हंगामात रात्री नऊला हलगी-ढोलकीची सलामी झडली की वग संपायला दोन-अडीच वाजायचे. या संचाला ब्रिटनमधल्या एका फिरत्या लोककला महोत्सवाचं बोलावणं आलं. ब्रिस्टल, मँचेस्टर, ग्लासगो आणि शेवटी लंडन अशी गावं ठरली. अटी दोनच होत्या. प्रयोग पंचाहत्तर मिनिटांत बसला पाहिजे, आणि मराठी न येणाऱ्या प्रेक्षकाला तो इंग्रजीत कळला पाहिजे. संहितेचं काम माझ्याकडे आलं.

संहिता म्हणायचं, पण तशी ती नव्हतीच. गण आणि गवळणीची पदं वहीत होती, लावण्या बाईंच्या तोंडपाठ होत्या. बतावणी मात्र कुठेच लिहिलेली नव्हती. ती सोंगाड्याच्या डोक्यात असते आणि गावागणिक बदलते. आमचे सोंगाडे अण्णा दुपारी गावात पोचले की चहाच्या टपरीवर बसून सरपंच कोण, पाटलाशी कुणाचं वाकडं आहे, विहिरीचं अनुदान कुणी खाल्लं, हे सगळं काढून घेतात. रात्री तेच फडावर येतं. लोक पोट धरून हसतात ते निम्मं त्या माहितीवर. अशा वेळी इंग्रजीत भाषांतर करायचं म्हणजे नेमकं कशाचं करायचं?

शिवाय संचात सराईत इंग्रजी बोलणारा एकच होता, तो म्हणजे सरदार. तो पुण्याच्या प्रायोगिक नाटकांतून आलेला. अण्णांचं इंग्रजी दुकानदारीपुरतं. मावशीचं काम करणारे दादा, दोघे झीलकरी, ढोलकीवाला आणि बाई, सगळे मराठीतलेच. आयोजकांची पहिली सूचना होती की सोंगाड्याच्या जागी तिथलाच एखादा भारतीय वंशाचा विनोदी नट घ्यावा. दुसरी सूचना पडद्यावर इंग्रजी ओळी दाखवण्याची होती. पहिली कुणी विचारातही घेतली नाही. अण्णांना वगळलं तर तमाशा उरतच नाही. दुसरी तालमीत करून पाहिली आणि तिथेच सोडली. कारण साधं होतं. पडद्यावरची ओळ अण्णांच्या तोंडून शब्द निघायच्या आधी वाचून होते. प्रेक्षक आधी हसतो आणि मग अण्णांकडे बघतो. त्यात अण्णा एखादा शब्द ऐनवेळी बदलणारच, तेव्हा पडदा भलतंच काही सांगत बसतो.

सरदाराचं आश्चर्य

वाट बतावणीतच सापडली. बतावणीचा पाया दोन माणसांचा असतो. सरदार शहाण्यासारखं बोलतो आणि सोंगाड्या त्याचा वाकडा अर्थ लावतो. सोंगाड्याने काही अचाट सांगितलं की सरदार ते तोंडात बोटं घालून परत विचारतो, "काय? राजा झाडावर चढला?" हे परत विचारणं गावातही उपयोगाचं असतं, कारण मागच्या रांगेपर्यंत वाक्य पोचतं. आम्ही एवढंच केलं की अण्णा मराठीत बोलतील आणि सरदाराचं आश्चर्य इंग्रजीत होईल. दुभाष्या म्हणून वेगळा माणूस मंचावर आणायचा नाही. जो आहे त्यानेच आपलं नेहमीचं काम करत भाषा ओलांडायची.

तालमीत हे झकास चाललं आणि पुण्यातल्या पाहुण्यांसमोरच्या चाचणी प्रयोगात घसरलं. पाहुण्यांत मराठी येणारे आणि न येणारे मिसळलेले होते. अण्णा बोलले की अर्धी खोली हसायची. सरदाराने इंग्रजीत विचारल्यावर उरलेली अर्धी हसायची, पण अर्धवट, कारण शेजारचा आधीच हसून मोकळा झालेला असतो आणि आपण मागे राहिलो असं वाटतं. विनोदाचे दोन तुकडे झाले. कुठे बिघडलंय हे ओळखायला टाळ्यांकडे नव्हे, हशाच्या आकाराकडे लक्ष द्यावं लागतं. एक मोठा हशा पडतोय की दोन छोटे?

मग आम्ही प्रत्येक विनोदाची उभारणी आणि त्याचा टोला वेगळे केले. उभारणी अण्णा मराठीत, अगदी खुशाल लांबवून करतील. सरदार ती प्रश्नांनी इंग्रजीत पोचवेल. टोला मात्र अण्णांनीच मारायचा, इंग्रजीत, आणि तो चार शब्दांहून लांब नसेल. चार शब्द अण्णा कुठल्याही भाषेत मारू शकतात. त्यांचा ठेका पक्का आहे, आणि मोडक्या उच्चारातले चार शब्द सफाईदार वाक्यापेक्षा जास्त लागतात. यात एक धोका होता. गोरा प्रेक्षक विनोदाला हसण्याऐवजी अण्णांच्या इंग्रजीलाच हसायला लागला तर? त्यासाठी नियम ठरला की टोला नेहमी सरदारावर उलटला पाहिजे. इंग्रजी येणारा सरदार प्रत्येक वेळी गप्प बसला की हसं कुणाचं होतंय याबद्दल शंका राहत नाही.

मथुरेचा बाजार

गवळण हा खरा कस होता. गवळणी दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात. वाटेत पेंद्या आणि कृष्ण त्यांना अडवून कर मागतात. मावशी पुढे होऊन त्यांची फिरकी घेते. मराठी प्रेक्षकाला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही. ब्रिस्टलच्या प्रेक्षकाला मात्र रस्त्यात बायकांना अडवणारे दोन पुरुष तेवढे दिसतात.

आयोजकांपैकी एका बाईंनी हे स्पष्ट बोलून दाखवलं आणि गवळण गाळता येईल का असं विचारलं. गाळायची गरज नव्हती, कारण गवळणीतच त्याचं उत्तर आहे. मावशी कधीच हरत नाही. आम्ही पेंद्याची अडवणूक कमी केली, मावशीची उत्तरं वाढवली आणि भांडण पूर्णपणे करावर आणलं. छेडछाडीचा वास गेला आणि सरकारी वसुलीचा आला. तोही मूळचाच आहे, आम्ही फक्त पुढे ओढला.

कर म्हटल्यावर टोलनाका आलाच. आपल्याकडे सोंगाडे कृष्णाला टोलवाला करतात ही काही नवी गोष्ट नाही. ब्रिटनमध्ये हा विषय किती चालेल असं वाटत होतं, पण तिथे प्रत्येक गावाचं स्वतःचं टोलचं दुखणं निघालं. ब्रिस्टलहून वेल्समध्ये जाताना सेव्हर्न नदीवरच्या पुलावर डिसेंबर २०१८ पर्यंत टोल होता, आणि तो फक्त वेल्समध्ये शिरताना घेत, परतताना नाही. मँचेस्टरमध्ये २००८ साली शहरात गाडी आणण्यावर शुल्क लावायचं की नाही यावर मतदान झालं आणि लोकांनी ते मोठ्या बहुमताने फेटाळलं. स्कॉटलंडमध्ये स्काय बेटाच्या पुलावरचा टोल बरीच वर्षं आंदोलन चालल्यावर २००४ मध्ये बंद झाला. लंडनमध्ये तर मध्यवस्तीत गाडी नेण्याचं शुल्क २००३ पासून चालूच आहे.

म्हणून संहितेत त्या जागी संवाद लिहिले नाहीत. चौकट आखली. तिच्या वर आत शिरण्याचं वाक्य पक्कं होतं: पेंद्या हात आडवा धरून म्हणतो, "टोल!" खाली बाहेर पडण्याचं वाक्य पक्कं होतं: मावशी म्हणते, "नो मिल्क, नो टोल, नो कृष्णा!" यावर ढोलकी पडणार आणि दिवे बदलणार. मधली जागा रिकामी. तिच्यात प्रत्येक गावासाठी तिथल्या स्वयंसेवकाकडून मिळालेल्या दोन गोष्टी भरायच्या: इथले लोक कशावर वैतागलेत, आणि शेजारच्या कुठल्या गावाशी यांचं पटत नाही. अण्णांची टपरी आता ईमेलवर आली होती.

ब्रिस्टलमध्ये मावशीने घागर डोक्यावर ठेवून विचारलं, मथुरेला जायला टोल, मग परत यायला? पेंद्या म्हणाला, परत यायला फुकट. सरदाराने इंग्रजीत डोळे विस्फारून विचारलं, म्हणजे आत जायला पैसे आणि बाहेर यायला फुकट? अण्णा प्रेक्षकांकडे वळून एवढंच म्हणाले, "लाइक वेल्स." पुढचं पद सुरू करायला ढोलकीवाल्याला थांबावं लागलं. हेच मँचेस्टरमध्ये अजिबात लागलं नसतं. तिथे पेंद्या टोल मागायला लागल्यावर मावशीने सभागृहाकडे हात करून मतदान घेतलं, टोल हवा की नको. उत्तर काय येणार हे ठरलेलं होतं.

या चौकटींवर प्रकाशयोजनेचा माणूस सुरुवातीला नाराज होता. त्याच्या पद्धतीत प्रत्येक बदल एका ठरलेल्या शब्दावर बांधलेला असतो, आणि इथे मधल्या जागेची लांबीच माहीत नाही. बाहेर पडण्याचं वाक्य शब्दशः पक्कं केल्यावर त्याचं काम भागलं. अण्णांना ते बंधन जाचक वाटलं. फडावर ते ढोलकीवाल्याला नुसती मान हलवून सांगतात.

मावशीबद्दल एक बाजूची गोष्ट. ब्रिटनमध्ये ख्रिसमसच्या सुमाराला पँटोमाइम नावाची नाटकं होतात. त्यात एक पुरुष ठसठशीत बाईचं सोंग घेतो आणि प्रेक्षक ओरडून ओरडून पात्रांना सूचना देतात. मँचेस्टरच्या मंडळींना दादांची मावशी बघून तेच आठवलं, आणि त्यांनी रंगीत केसांचा टोप, मोठाले कानातले वगैरे सुचवलं. दादांनी नकार दिला. तमाशातली मावशी मिशीवर पदर ओढून होते. सगळी गंमत त्या पदरात आहे. टोप चढवला की अभिनय संपतो. मात्र पँटोमाइममुळे एक फायदा झाला. पुरुषाने बाई होणं आणि प्रेक्षकाने मध्येच बोलणं याला त्या प्रेक्षकाची आधीच तयारी होती. ते शिकवण्यात वेळ गेला नाही.

झील आणि कोडी

प्रेक्षकाने मध्येच बोलायची तयारी असली तरी तो अंधारात बसलेला होता, ही वेगळी अडचण. कनातीत अण्णांना चेहरे दिसतात. कोण जांभई देतोय, कोण कुणाला कोपर मारतोय, त्यावर ते पुढचं वाक्य ठरवतात. काळ्या पडद्यांच्या सभागृहात त्यांना समोर नुसता काळोख दिसे. ब्रिस्टलच्या पहिल्या खेळात पहिली काही मिनिटं ते एकसुरी बोलत गेले, हे आम्हाला बाजूच्या पाखातून कळत होतं. दुसऱ्या खेळापासून गण, गवळण आणि बतावणीत प्रेक्षागृहाचे दिवे अर्धे चालू ठेवले, लावणीला पूर्ण बंद केले. त्या एका बदलाने भाषांतरापेक्षा जास्त काम केलं.

गण मराठीतच ठेवला. गणपतीला इंग्रजीत आळवण्यात काही हशील नव्हतं. पण गणातच प्रेक्षकांना झीलकरी केलं. शाहिराची ओळ संपते तिथला शेवटचा स्वर झीलकरी उचलतात आणि 'जी जी रं जी' करत वरच्या पट्टीत ताणतात. सरदाराने इंग्रजीत एवढंच सांगितलं की मी हात वर केला की तुम्ही म्हणायचं. अर्थ नाही, उच्चार सोपा. तिसऱ्या कडव्यापर्यंत अख्खं सभागृह झील देत असे. ज्या प्रेक्षकाने सुरुवातीलाच एकदा आवाज काढला, तो नंतर मावशीला उत्तर द्यायला लाजत नाही.

झीलमुळेच इंग्रजी पदं लिहिण्याचा नियम हाती लागला. सवालजवाब आम्ही पूर्ण इंग्रजीत करायचे ठरवले होते, कारण कोडं घालणं आणि सोडवणं यात प्रेक्षक आपोआप सामील होतो. मराठी सवाल पुराणातल्या संदर्भांवर चालतात. त्यांचं भाषांतर करून उपयोग नव्हता, म्हणून कोडी नव्याने इंग्रजीतच रचली. पहिल्या मसुद्यात नदीचं कोडं असं होतं:

आय हॅव अ माउथ बट नेव्हर ईट,
आय रन ऑल डे अँड हॅव नो फीट.

वाचायला ठीक आहे. आठ मात्रांच्या आवर्तनात बसतंही, कारण इंग्रजी ओळीतले चार आघात पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेवर पडतात, आणि सुरुवातीचं 'आय' समेच्या आधीच्या मात्रेवर उठावासारखं येतं. पण तालमीत झीलकरी अडले. ओळ 'ट'वर बंद होते. उचलायला स्वरच नाही. मराठी पदांच्या ओळी बहुतेक गं, रं, ला, री अशा उघड्या अक्षरांवर संपतात. झील तिथे लटकते. म्हणून कोडं बदललं:

आय हॅव अ बेड बट नेव्हर लाय,
आय हॅव अ माउथ बट नेव्हर क्राय.

आता 'लाय' आणि 'क्राय'चा स्वर हवा तेवढा लांबवता येतो, आणि झीलकऱ्यांनी तो 'जी जी'त सहज नेला. पुढे हाच नियम केला की झील लागणारी प्रत्येक इंग्रजी ओळ उघड्या स्वरावर संपेल. शब्दसंपत्ती त्याने बरीच आकसली. कित्येक चांगल्या यमकांना मुकावं लागलं, पण गाणाऱ्याच्या गळ्यापुढे कवीने नमतं घ्यावं हे मला पटतं.

कोड्यांत एक गोंधळ झाला. जवाब समोरच्या पार्टीने द्यायचा असतो, पण मँचेस्टरमध्ये दुसऱ्या रांगेतून कुणीतरी आधीच "रिव्हर!" म्हणून ओरडलं आणि जवाब देणारी गायिका तोंड उघडून उभी राहिली. पुढच्या खेळापासून पहिली दोन कोडी मुद्दाम सोपी ठेवली. प्रेक्षकाने सोडवली की सरदार त्यालाच आपल्या पार्टीत ओढतो. तिसरं कोडं सुटण्यासारखं नाहीच. त्याचं उत्तर अण्णा देतात, ते चूक असतं, आणि तेच जिंकतात.

लावणी आणि दौलतजादा

लावण्या मराठीतच राहिल्या. बाईंनी हे ठरवलं आणि त्यावर चर्चा झाली नाही. त्यांचं म्हणणं होतं की अदाकारी कळायला शब्द लागत नाहीत, आणि जिथे लागतात तिथे इंग्रजी शब्द टाकून अदाकारी सांभाळता येणार नाही. आम्ही प्रत्येक लावणीआधी सरदाराकडून दोन वाक्यांत प्रसंग सांगितला: नवरा परगावी आहे, निरोप आलेला नाही, शेजारीण टोमणे मारते. बस. कार्यक्रमपत्रिकेतलं 'मादक नृत्य' असं वर्णन मात्र काढायला लावलं. आयोजकांना ते कौतुक वाटत होतं. बाईंच्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि अशा कौतुकाची किंमत त्यांना माहीत आहे.

दौलतजादाचं काय करायचं हा प्रश्न लंडनसाठी होता. तिथे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे आणि मराठी प्रेक्षक मोठ्या संख्येने येणार हे नक्की होतं. कुणीतरी उत्साहात नोटा काढणार. बाईंनी आधीच सांगितलं की पैसे नकोत. पण दौलतजादाचा दुसरा भाग, म्हणजे देणाऱ्याचं नाव भर सभेत पुकारणं, तो सरदाराने ठेवला. तो मध्यंतराआधी तिकीट तपासणाऱ्या मुलीचं, चहा देणाऱ्या काकांचं, उशिरा आलेल्याचं नाव पुकारायचा: "अमक्या अमक्याकडून, झिरो पाउंड!" लोकांनी नाव पुकारून घेण्यासाठी हात वर केले.

लंडनला दोन हशांची अडचण परत डोकं वर काढणार होती, कारण तिथे निम्म्या सभागृहाला उभारणीच मराठीत कळत होती. अण्णांनी त्याचा विनोद केला. मराठी माणसं आधी हसली की ते थांबायचे, सरदाराला गप्प करायचे आणि मराठी प्रेक्षकांना म्हणायचे, "हसलात ना? आता शेजारच्याला सांगा. तिकीट त्यानंबी काढलंय." दहा-बारा ठिकाणी कुजबुज सुरू व्हायची, शेजारी हसायचे, काही डोकं खाजवायचे. अण्णा घड्याळ बघत उभे. मग "टाइम ओव्हर!" आणि पुढे. एवढ्या मिनिटभरात कुणाला काय सांगितलं गेलं देव जाणे, पण हशा एकच पडायचा.

वग

सगळ्यात कमी जमला तो वग. कथा सोपी निवडली होती: राजाची पगडी हरवते, प्रधान आणि शिपाई गावभर चोर शोधतात, आणि ती राजानेच गहाण टाकलेली निघते. पगडी मंचावर दिसते, गहाण टाकतानाही दिसते. गोष्ट डोळ्यांना कळते. अडचण गद्याची होती. प्रधान आणि राजाने पाठ केलेलं इंग्रजी बोलताना त्यांचा हेल गेला. मराठीत हेच दोघे एकमेकांच्या वाक्यावर वाक्य चढवतात. इंग्रजीत प्रत्येकजण दुसऱ्याचं पूर्ण होण्याची वाट बघायचा, कारण मधूनच काही आलं तर पुढचं पाठांतर विस्कटेल ही भीती. रंगबाजीला जागाच उरली नाही. ब्रिस्टलमध्ये वगाच्या विसाव्या मिनिटाला प्रेक्षक शांत झाले, आणि तमाशात शांतता हे वाईटच लक्षण.

ग्लासगोला पोचेपर्यंत वग पस्तीस मिनिटांवरून बावीसवर आणला. राजा-प्रधानाचं इंग्रजी काढून टाकलं. ते मराठीत भांडू लागले, सरदार बाजूला उभा राहून मधूनमधून इंग्रजीत वादाचा निकाल सांगू लागला आणि प्रत्येक वेळी चुकीचा सांगू लागला. गती परत आली. तरी एक गोष्ट सुटलीच नाही: सरदार एकटाच सगळं तोलतोय. लंडनला त्याचा घसा बसला, आणि वगातले निकाल अण्णांनी त्यांच्या चार-चार शब्दांच्या इंग्रजीत दिले. खेळ पार पडला, पण पगडी गहाण कुणी टाकली हे मराठी न येणाऱ्या किती जणांना कळलं याची खात्री देता येत नाही. पुढच्या दौऱ्यासाठी इंग्रजी येणारा दुसरा माणूस झीलकऱ्यांतूनच तयार करायचं चाललंय. तो आत्ता सातारच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, आणि तुणतुणं वाजवता वाजवता बोलणं अजून त्याला जमत नाही.